शिकाऊ उमेदवार टिकवताना: गोकुळ शिरगावातील एका मशीन शॉपचा अनुभव

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत आमचे लहानसे मशीन शॉप आहे. पाच सीएनसी लेथ, एक व्हीएमसी आणि दोन जुन्या हाती लेथ एवढाच पसारा. आसपासच्या फाउंड्रीतून बिडाचे कास्टिंग येते, त्यावर मशीनिंग करून आम्ही पंपांचे आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग पाठवतो. कायम कामगार बावीस आणि कंत्राटी पाच, म्हणजे एकूण सत्तावीस माणसे. गेल्या काही वर्षांत मी शिकाऊ उमेदवारांच्या दोन तुकड्या घेतल्या. पहिली जवळजवळ पूर्ण वाया गेली, दुसरी बरीचशी टिकली. या दोन्हींमध्ये नेमके काय वेगळे केले, किती खर्च आला आणि कागदोपत्री कुठे अडकलो, हे क्रमाने लिहून ठेवत आहे.

पहिली तुकडी १ डिसेंबर २०२१ रोजी रुजू झाली. आयटीआयमधून टर्नर आणि मशिनिस्ट झालेली चार मुले होती. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात आणि चार ते एकोणतीस माणसे असतील तर ते ऐच्छिक असते. आमची संख्या सत्तावीस असल्याने सक्ती नव्हती, मात्र पंधरा टक्क्यांच्या हिशेबाने चारजण घेता येत होते. आयटीआय उत्तीर्ण मुलाचे किमान विद्यावेतन २०१९ च्या नियमांनुसार महिना ७,००० रुपये होते आणि मी अगदी तेवढेच ठरवले. त्यावर शासनाचा वाटाही परत मिळतो, हे कळल्यावर मला ही योजना म्हणजे स्वस्तात माणूसबळ मिळवण्याचा राजमार्ग वाटली. हे कबूल करायला संकोच वाटतो, पण पुढचे सगळे त्याच समजुतीतून घडले.

पहिले दोन महिने मुले जॉब लावणे-काढणे, चिप, म्हणजे कापताना निघणारा धातूचा कीस, ओढणे आणि कूलंट भरणे ही कामे करत होती. तिसऱ्या महिन्यापासून त्यांना मशीन चालवता येऊ लागले आणि मी त्यांना थेट ऑपरेटरच्या जागी उभे केले. सेटर, म्हणजे मशीन त्या कामासाठी तयार करून देणारा कारागीर, जॉब लावून द्यायचा, मुले बटण दाबायची, नग मोजायची आणि पेटीत ठेवायची. मे महिन्यात दोघे एकाच आठवड्यात यायचे बंद झाले. जुलैमध्ये तिसरा गेला. चौथ्याने वर्ष पूर्ण केले, ३० नोव्हेंबर २०२२ ला त्याचा करार संपला, परीक्षेसाठी म्हणून तो गेला आणि परत आलाच नाही.

मधल्या काळात माझ्याकडून आणखी एक चूक झाली होती. रुजू होताना मुलांची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घे, म्हणजे ती पळून जात नाहीत, असा सल्ला ओळखीच्या एका कारखानदाराने दिला होता आणि मी तो ऐकला. मे महिन्यात गेलेल्या एका मुलाचे वडील ते प्रमाणपत्र मागायला दुपारी कारखान्यात आले. शेतातून थेट आलेला माणूस, हातात पिशवी. त्यांनी वाद घातला नाही. "साहेब, पोरगं गेलं ते गेलं, पण त्याचा कागुद तुमच्या कपाटात कशाला?" एवढेच ते म्हणाले. मी कपाट उघडून चारही मुलांची प्रमाणपत्रे बाहेर काढली आणि त्याच दिवशी परत केली. मूळ प्रमाणपत्र अडकवून ठेवण्याचा मला कोणताही अधिकार नव्हता, आणि कागद कपाटात असूनही मुलगा गेलाच होता.

त्या मुलांपैकी एकजण पुढे दिवाळीच्या सुमारास महामार्गालगतच्या चहाच्या गाड्यावर भेटला. मी त्याला का सोडलेस म्हणून विचारले. त्याचे उत्तर मी नंतर बऱ्याच वेळा आठवले आहे. "मालक, मशीन तर तिसऱ्या महिन्यातच चालवाय लागलो होतो. पगार मात्र सातच हजार. पलीकडं तेरा देत होते. आणि वर्षानंतर तुमच्याकडं काय मिळणार, हे कुणी बोललंच न्हाई." त्याने ऑपरेटरचे काम केले होते आणि मी त्याला शिकाऊचे पैसे दिले होते. शिवाय, बटण दाबण्याइतकेच शिकवले असल्याने तेवढे कौशल्य घेऊन तो वसाहतीतल्या कोणत्याही शेडमध्ये जाऊ शकत होता. जॉबचे सेटिंग, जे शिकायला त्याला माझ्याकडे थांबावे लागले असते, ते मी त्याला दाखवलेच नव्हते. मुले शिकून झाल्यावर जातात अशी आपली तक्रार असते. माझी मुले शिकवणे थांबले तेव्हा गेली होती.

२०२३ च्या एप्रिल-मेमध्ये मी नव्याने विचार सुरू केला. सर्वात आधी बोललो ते आमच्या सेटरशी. वयाने पंचावन्नच्या आसपास, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी त्यांना विचारले की, पहिल्या मुलांना सेटिंग का दाखवले नाही. मामांनी हात पुसत सांगितले, "साहेब, माझा इन्सेन्टिव्ह दिवसाच्या नगांवर. पोराला सेटिंग दाखवायला दीड तास मशीन थांबवली, तर तेवढे नग माझ्या नावावर कमी. मग पोराला शिकवू का घर चालवू?" हे मला आधी सुचायला हवे होते, कारण तो इन्सेन्टिव्हचा तक्ता मीच तयार केला होता.

म्हणून दुसऱ्या तुकडीच्या आधी दोन गोष्टी बदलल्या. बुधवारी आणि शनिवारी दुपारी दोन ते चार एक जुनी सीएनसी लेथ केवळ शिकवण्यासाठी मोकळी ठेवायची आणि मामांच्या इन्सेन्टिव्हच्या हिशेबातून ते तास वगळायचे, हे पहिले. दुसरे म्हणजे मामांना प्रत्येक शिकाऊमागे महिना १,२०० रुपये शिकवणीभत्ता द्यायचा. आठवड्याचे चार तास म्हणजे उत्पादनाचा तोटा आहेच, पण तो वहीत दिसतो. पहिल्या वर्षी न शिकवण्याचा तोटा कुठल्याच वहीत दिसला नव्हता.

विद्यावेतनाची पायरी ठरवताना जिल्ह्याच्या शिकाऊ उमेदवारी कार्यालयात दोन खेपा घातल्या, कारण मला कायद्याच्या बाहेर जायचे नव्हते. तिथे एक गोष्ट समजली, ती अनेक कारखानदारांना माहीत नसते. कायद्याच्या कलम १३ नुसार शिकाऊ उमेदवाराला नगावर पैसे देता येत नाहीत आणि उत्पादनाच्या बोनस योजनेतही त्याला ओढता येत नाही. माझ्या डोक्यात आधी 'जास्त नग, जास्त पैसे' असाच विचार होता. तो सोडून मी पायरी कौशल्याला जोडली. पहिले तीन महिने ८,०००, पुढचे तीन ९,०००, त्यापुढचे तीन १०,५०० आणि शेवटचे तीन १२,००० रुपये. प्रत्येक पायरीच्या आधी एक चाचणी. ती उत्तीर्ण होईपर्यंत जुनाच दर चालू राहील, मात्र चाचणी दर पंधरवड्याला पुन्हा देता येईल. शासनाच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवरच्या करारात ८,००० हा आकडा घातला आणि पुढच्या पायऱ्यांचे स्वतंत्र पत्र माझ्या सहीने प्रत्येकाला रुजू होण्याच्या दिवशीच दिले.

त्याच पत्रात आणखी एक ओळ होती: प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर महिना १५,५०० रुपये वेतनावर नोकरी. करार संपल्यानंतर निदान एक वर्ष इथेच काम करावे अशी अट करारात घालता येते, असे कार्यालयात कळले. कलम २२ मध्ये तशी तरतूद आहे. पण वाचताना लक्षात आले की ती अट दोन्ही बाजूंना बांधते. तशी अट असली, तर मुलाने काम करायलाच हवे आणि मालकाने नोकरी द्यायलाच हवी, शिवाय मुदत किंवा वेतन अवाजवी वाटले तर शासनाचा शिकाऊ उमेदवारी सल्लागार अधिकारी त्यात बदल करू शकतो. अट नसेल तर शिकाऊंना नोकरीवर घेण्याचे धोरण मालकाने स्वतः ठरवायचे असते. मी एक वर्षाची अट घातली. खरे सांगायचे तर मुलाला अडकवण्याच्या विचारानेच घातली होती, पण तिचा उपयोग वेगळ्याच ठिकाणी झाला, ते पुढे येईल.

उमेदवार मिळवण्यासाठी apprenticeshipindia.gov.in वर आमच्या आस्थापनेची नोंदणी पहिल्या वेळचीच होती, तिच्यात माणसांची संख्या अद्ययावत केली आणि टर्नर व मशिनिस्ट या ट्रेडच्या जागा टाकल्या. त्यासाठी पॅन, जीएसटी क्रमांक, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आणि बँकेचा तपशील जवळ असू द्यावा. ऑगस्टच्या शेवटी आयटीआयच्या मेळाव्यातून तिघांची निवड केली: कागलची एक मुलगी, मुडशिंगीचा एक मुलगा आणि भोगावती भागातला एक मुलगा. निवड करताना गुण फार पाहिले नाहीत. प्रत्येकाच्या हातात व्हर्नियर दिले आणि एक तुकडा मोजायला सांगितला. मुलीने मोजण्याआधी व्हर्नियरची तोंडे बोटाने पुसली आणि शून्य तपासले. तेवढे पुरेसे होते.

कागदपत्रांत आठवडाभर गेला. मुडशिंगीच्या मुलाचे आधारवरचे नाव आणि आयटीआयच्या प्रमाणपत्रावरचे नाव यांत वडिलांच्या नावाचे एक अक्षर वेगळे होते, त्यामुळे पोर्टलवर त्याची ओळख जुळत नव्हती. आधार दुरुस्त होऊन यायला नऊ दिवस लागले. असे नाव आधीच तपासून घ्यावे, कारण करार तयार झाल्यावर ते बदलणे फार जिकिरीचे होते. करार ४ सप्टेंबर २०२३ पासून सुरू झाला. तिघेही अठरा वर्षांवरचे होते म्हणून त्यांनी स्वतः करार स्वीकारला, अन्यथा पालकाची सही लागते.

शासनाच्या वाट्याबाबत तेव्हा नुकताच बदल झाला होता. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत शासन विहित विद्यावेतनाच्या पंचवीस टक्के, जास्तीत जास्त महिना १,५०० रुपये देते. पूर्वी मालकाने पूर्ण रक्कम देऊन नंतर परतावा मागायचा असे. ऑगस्ट २०२३ पासून हा वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जाऊ लागला. मालकाने उरलेली रक्कम द्यायची. पहिल्या महिन्यात ८,००० पैकी मी ६,५०० भरले आणि पोर्टलवर तशी नोंद केली. मुलीच्या आणि मुडशिंगीच्या मुलाच्या खात्यात पुढे दीड हजार जमा झाले, भोगावतीच्या मुलाचे मात्र आले नाहीत. त्याला वाटले मी ते खाल्ले. चौकशीत दिसले की त्याचे खाते आधारशी जोडलेले नव्हते. बँकेत एक अर्ज आणि दहा दिवस एवढ्यात ते सुटले, पण त्या दहा दिवसांत माझ्याबद्दल शेडमध्ये काय बोलले गेले असेल, याची कल्पना मला आहे. पहिल्याच दिवशी तिघांनाही बँकेत पाठवून आधार जोडणीची पावती मागवून घेतली असती तर हे टळले असते.

दुसरी काळजी अपघाताची. शिकाऊ उमेदवाराला भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय ही कामगार विमा योजना लागू होत नाही, पण कामावर दुखापत झाली तर कलम १६ नुसार भरपाईची जबाबदारी मालकावरच येते. म्हणून आमच्या कामगार भरपाई विमा पॉलिसीत तिघांची नावे घालून घेतली. डिसेंबरमध्ये भोगावतीच्या मुलाने लांब गुंडाळलेली चिप हुकाऐवजी हातमोज्याने ओढली आणि तळहाताला चार टाके पडले. मोठे काही नव्हते, पण विमा नसता तर खर्चापेक्षा भीती जास्त वाटली असती. फिरत्या मशीनजवळ हातमोजा घालायचा नसतो, हे मी पहिल्याच दिवशी फलकावर लिहिले होते. फलक वाचून कुणी शिकत नाही, हे मला त्या दिवशी समजले. जादा वेळेचे कामही सल्लागार अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय देता येत नाही आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत शिकाऊला ठेवायचे तरी आधी मान्यता लागते, म्हणून तिसऱ्या शिफ्टला त्यांना कधीच लावले नाही.

पहिली चाचणी मोजमापाची होती. दहा नग ठेवायचे, मुलांनी प्रत्येक नगाचा बाहेरचा व्यास आणि बोअर, म्हणजे आतल्या भोकाचे माप, मोजून कागदावर लिहायचे, मग आमच्या तपासनिसाचे आकडे शेजारी लिहायचे. फरक पाच मायक्रॉनच्या आत हवा. पहिल्या फेरीत तिघेही नापास झाले. मायक्रोमीटर घट्ट आवळून मोजत होते, म्हणून बाहेरच्या व्यासाचा प्रत्येक आकडा थोडा कमी येत होता. रॅचेटच्या आवाजावर थांबायला शिकायला पंधरा दिवस गेले. हा वेळ वाया गेला असे मला आधी वाटले होते. पण पुढे चुकीचे नग कमी निघाले ते याच पंधरा दिवसांमुळे.

फेब्रुवारी २०२४ मधली एक घटना सविस्तर सांगण्यासारखी आहे. मुडशिंगीच्या मुलाकडे व्हॉल्व्हच्या झाकणाचे बोअरिंग होते. मोजमाप ५२ एच सेव्हन, म्हणजे ५२.००० ते ५२.०३० मिलिमीटरच्या दरम्यान चालते. त्याने दुपारच्या शिफ्टला शेवटचे चौदा नग काढले आणि प्रत्येकाच्या पुढे ५२.००५ ते ५२.००७ असे आकडे लिहिले. सकाळी तपासनिसाने तेच नग मोजले तर ५१.९९७ ते ५१.९९९ भरले. बोअर बारीक, म्हणजे नग परत मशीनवर चढवायचे, आणि बिडाच्या झाकणाला दुसऱ्यांदा पकडताना बाहेरच्या व्यासाशी त्याचा मध्य बिघडतो. मामा चिडले. मुलगा म्हणत होता की मी नीट मोजले, आणि त्याचे खरे होते.

दोघांना शांत करून मी मुलाला एक नग मशीनमधून काढल्या काढल्या मोजायला लावला, ५२.००६ आला. तोच नग फरशीवर एक तास ठेवला आणि पुन्हा मोजला, ५१.९९८. बीड आम्ही कोरडेच कापतो, त्यामुळे जॉब गरम निघतो. पंधराएक अंशांनी गार झाला की बावन्न मिलिमीटरच्या बोअरमध्ये सात-आठ मायक्रॉनचा फरक सहज पडतो. शिवाय बोरिंगचा इन्सर्ट, म्हणजे कापणारे छोटे पाते, झिजत गेला की बोअर हळूहळू बारीकच होत जाते, त्यामुळे ते आधीच खालच्या काठावर चालले होते. मुलाने स्वतःच्या वहीत लिहून ठेवले, 'गरम नग मोजू नये, मोजलाच तर वरच्या निम्म्यात ठेवावा.' त्या दिवसापासून तो बोअर ५२.०१८ च्या आसपास राखू लागला आणि इन्सर्ट झिजला की वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे ती झीज भरून काढणाऱ्या मशीनमधल्या आकड्यात, शंभरावा भाग मिलिमीटर वाढवू लागला. चौदा नगांपैकी नऊ वाचले. पाच भंगारात गेले, त्यांचा खर्च मी प्रशिक्षणाच्या खात्यात टाकला आणि मुलाच्या विद्यावेतनातून एक रुपयाही कापला नाही. या घटनेनंतर मला त्याच्यावर विश्वास बसला, आणि मला वाटते त्यालाही माझ्यावर बसला असावा.

त्याच महिन्यात मुलीच्या वडिलांना कुणीतरी सांगितले की पलीकडच्या शेडमध्ये तेरा हजार हातात मिळतात. ते कागलहून भेटायला आले. मी करार आणि पत्र समोर ठेवले. कलम २२ ची अट वाचून ते आधी दबकले, पण मी जेव्हा सांगितले की या अटीमुळे मलाही सप्टेंबरमध्ये १५,५०० ची नोकरी द्यावीच लागेल, मंदी आली तरी, तेव्हा त्यांनी चष्मा लावून तीच ओळ पुन्हा वाचली. जाताना मुलीला म्हणाले, "बघ, सप्टेंबरपर्यंतचं लिहून दिलंय." अटीचा उपयोग झाला तो असा.

दुसरी चाचणी इन्सर्ट बदलून, ऑफसेट घेऊन पहिला नग बरोबर काढण्याची होती. ती मार्चपर्यंत तिघांचीही झाली. तिसरी सर्वात अवघड: एका जॉबवरून दुसऱ्यावर पूर्ण सेटिंग, म्हणजे जॉब पकडणारे सॉफ्ट जॉ बोअर करणे, टूल लावणे, प्रोग्राम तपासणे, पहिला नग पास करून घेणे. मामांना याला पन्नास मिनिटे लागतात, मुलांना मी नव्वद दिली होती. मुलीने एप्रिलच्या शेवटी शहाऐंशी मिनिटांत केले. मुडशिंगीच्या मुलाला जून उजाडला, म्हणून त्याचा १२,००० चा दर तीन आठवडे उशिरा सुरू झाला. त्याने तक्रार केली नाही, कारण मुलीचा कागद त्याच्यासमोरच तपासला होता.

भोगावतीचा मुलगा तिसऱ्या चाचणीपर्यंत आला आणि जूनमध्ये राज्यात पोलीस भरतीच्या मैदानी चाचण्या सुरू झाल्या तेव्हा तो गेला. दोन वर्षांपासून तो पहाटे धावत होता, हे आम्हाला माहीत होते. करार मध्येच मोडला तर कलम ७ नुसार प्रशिक्षणाचा खर्च मागता येतो, आणि माझ्या हिशेबनिसाने ते सुचवलेही. मी मागितला नाही. कार्यालयाला कळवून करार रीतसर बंद केला, तेवढा कागद मात्र नक्की करावा, नाहीतर पोर्टलवर तो उमेदवार आपल्याकडेच दिसत राहतो.

खर्चाचा हिशेब एका उमेदवारामागे असा बसला. वर्षाचे विद्यावेतन १,१८,५०० रुपये, त्यातले १८,००० शासनाकडून थेट त्याच्या खात्यात, म्हणजे माझ्याकडून १,००,५००. मामांचा भत्ता १४,४००. बूट, गणवेश आणि विम्याचे मिळून सुमारे चार हजार. भंगार आणि मोकळ्या ठेवलेल्या मशीनचा तोटा वेगळा. पहिल्या तुकडीच्या मानाने हे बरेच जास्त आहे, मात्र पाचव्या महिन्यापासून प्रत्येकजण एका ऑपरेटरचे काम करत होता आणि शेवटचे तीन महिने मुलगी मामांच्या रजेच्या दिवशी सेटिंगही करत होती.

३ सप्टेंबर २०२४ ला दोघांचे करार संपले आणि इथे आणखी एक खड्डा होता. अखिल भारतीय ट्रेड परीक्षा करार संपला की लगेच होते असे नाही. मधल्या काळात विद्यावेतन बंद होते आणि पहिल्या तुकडीचा चौथा मुलगा नेमका याच पोकळीत गळाला होता. या वेळी मी परीक्षेची वाट न पाहता ४ सप्टेंबरपासूनच दोघांना कामगार म्हणून घेतले आणि परीक्षेच्या दिवसांची भरपगारी रजा देण्याचे नियुक्तिपत्रातच लिहिले. परीक्षा झाली तेव्हा दोघेही आमच्याच गणवेशात गेले होते.

तरीही पहिल्या पगाराच्या दिवशी मुडशिंगीचा मुलगा नाराज होऊन माझ्या टेबलापाशी आला. १५,५०० पैकी त्याच्या हातात १३,३८३ आले होते. भविष्यनिर्वाह निधीचे १,८००, ईएसआयचे ११७ आणि व्यवसायकराचे २०० कापले होते. मुलीला २०० जास्त मिळाले, कारण महिलांना २५,००० पर्यंत व्यवसायकर नाही, आणि त्यावरून त्या दोघांत थोडी धुसफूसही झाली. विद्यावेतनाचे बारा हजार कपातीशिवाय येत होते, त्यामुळे नोकरी लागून वाढ जेमतेम चौदाशेची झाली असे त्याला वाटत होते. पलीकडच्या शेडमधले तेरा हजार रोख आणि बिनकपातीचे असतात. चूक माझी होती. वर्षभर मी १५,५०० हाच आकडा सांगत राहिलो होतो, हातात किती पडेल ते सांगितले नव्हते. त्याला बसवून मी निधीचे पासबुक उघडून दाखवले, माझ्या वाट्याचेही १,८०० त्याच्या नावाने जातात आणि त्यातला काही भाग पेन्शनकडे वळतो हे सांगितले, ईएसआयमध्ये त्याच्या आईवडिलांनाही उपचार मिळू शकतात हे समजावले. त्याच्या आईच्या गुडघ्याचे दुखणे होते, त्यामुळे ते शेवटचे त्याला पटले. निधीचे मात्र अजून पूर्ण पटलेले नाही.

यंदा तिसऱ्या तुकडीचे पत्र तयार करताना मी शेवटच्या ओळीखाली वेतनाच्या पावतीचा नमुनाच छापला आहे. त्यात कपाती वेगळ्या आणि हातात येणारी रक्कम मोठ्या अक्षरांत. मोजमापाची पहिली चाचणी आता कागलची मुलगी घेते. तिला मामांसारखाच भत्ता मिळतो. परवा एका नव्या मुलाने बोअर गेज थेट जॉबमध्ये घातले, तर तिने ते काढून घेतले, नग उचलून त्याच्या हातात दिला आणि विचारले, "गरम आहे की गार?"